प्रॉडक्ट रूल लावायचा की चेन रूल? शेवटची क्रिया बघा, उत्तर तिथेच आहे

ही तीन फंक्शन्स जरा शेजारी शेजारी ठेवून बघा.

```
x² sin x
sin(x²)
sin²x
```

तिन्हींमध्ये माल तोच आहे. एक x, एक वर्ग आणि एक sin. पण बारावी सायन्सच्या किंवा इंजिनिअरिंगच्या एम-वनच्या पेपरात यांचं डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितलं की तीन वेगवेगळी उत्तरं येतात. आणि वर्गात कुणाच्याही वहीत डोकावलं तर तिन्ही सूत्रं पाठ असतात. प्रॉडक्ट रूल येतो, क्वोशंट रूल येतो, चेन रूलही येतो. अडतं ते एवढ्यावरच की यातलं नेमकं कुठलं सूत्र कुठे लावायचं.

बहुतेक जण हे दिसण्यावरून ठरवतात. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की प्रॉडक्ट, मध्ये रेघ दिसली की क्वोशंट, कंस दिसला की चेन. अर्ध्या वेळा हे चालतं, आणि म्हणूनच ती सवय सुटत नाही. पण याहून सोपी आणि भरवशाची एक युक्ती आहे.

x च्या जागी एखादी संख्या घाला आणि कॅल्क्युलेटरवर किंमत काढायला बसा. समजा x = 1.3 घेतलं. आता फक्त एवढंच बघायचं, की सगळ्यात शेवटी तुम्ही कुठली क्रिया करता.

x² sin x मध्ये आधी 1.3 चा वर्ग काढाल, मग sin 1.3 काढाल, आणि शेवटी त्या दोघांचा गुणाकार कराल. शेवटची क्रिया गुणाकार, म्हणजे प्रॉडक्ट रूल. sin(x²) मध्ये आधी वर्ग काढाल, 1.69 येईल, आणि मग त्यावर sin चं बटण दाबाल. शेवटची क्रिया sin, तीही x वर नाही तर दुसऱ्याच एका गोष्टीवर, म्हणजे चेन रूल. sin²x मध्ये आधी sin काढाल आणि शेवटी जे आलं त्याचा वर्ग कराल. हाही चेन रूलच, फक्त इथे बाहेरची क्रिया वर्गाची आहे.

शेवटची क्रिया भागाकार असेल तर क्वोशंट रूल. बेरीज किंवा वजाबाकी असेल तर आधी तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला हाच प्रश्न पुन्हा विचारा.

तिसऱ्या फंक्शनबद्दल एक तक्रार करायलाच हवी. sin²x ही लिहिण्याची पद्धतच फसवी आहे. वर्ग शेवटी होतो, पण तो २ मध्येच घुसून बसलाय. त्यामुळे वहीत पहिलं काम म्हणजे ते (sin x)² असं लिहून घ्या, मग कंसाबाहेरचा वर्ग सरळ दिसतो. त्यातून sin⁻¹x म्हणजे मात्र 1/sin x नसतं, ते उलटं फंक्शन असतं. एकाच जागी बसलेल्या दोन आकड्यांचे दोन वेगळे अर्थ. हा घोळ गणिताने स्वतःच घालून ठेवलाय, त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही.

आता सूत्रांकडे वळू. सुरुवात प्रॉडक्ट रूलपासून.

पहिल्यांदा शिकताना प्रत्येकाला वाटतं, की गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हचा गुणाकार असणार. बेरजेला ते चालतं, मग गुणाकाराला का नाही? हा प्रश्न बावळट अजिबात नाही. ज्या लायब्निझने कॅल्क्युलस उभं केलं, त्यानेही नोव्हेंबर १६७५ च्या आपल्या टिपणांत हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि तपासून पाहिल्यावर असं होत नाही हे त्याच्या लक्षात आलं. बरोबर नियम त्याच्याकडे १६७७ पर्यंत आला आणि छापून आला तो १६८४ साली.

तपासायचं झालं तर x गुणिले x घ्या. दोघांचंही डेरिव्हेटिव्ह १. गुणाकार केला तर १ येतो. पण x² चं डेरिव्हेटिव्ह 2x असतं हे आपल्याला माहीत आहे. विषय संपला.

मग खरं काय होतं? ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असा एक प्लॉट घ्या. दोन्ही बाजू एक-एक सेंटिमीटरने वाढवल्या तर क्षेत्रफळ किती वाढेल? ३० मीटरच्या बाजूला एक सेंटिमीटरची पट्टी लागेल, ती ०.३ चौरस मीटर. २० मीटरच्या बाजूला दुसरी पट्टी, ०.२ चौरस मीटर. आणि कोपऱ्यात एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचा चिमुकला चौकोन, ०.०००१ चौरस मीटर.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे वाढीचा दर, म्हणून या सगळ्याला ०.०१ मीटरने भागा. पट्ट्यांचे ३० आणि २० मिळतात, कोपऱ्याचं ०.०१ उरतं. आता सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर घ्या, कोपऱ्याचं ०.००१ होतं. वाढ जितकी लहान कराल तितका कोपरा नाहीसा होत जातो आणि पट्ट्या मात्र जागच्या जागी राहतात. लिमिट घेणं म्हणतात ते हेच. म्हणून प्रॉडक्ट रूलमध्ये दोन पट्ट्यांची दोन पदं असतात, आणि ज्या कोपऱ्यात दोन्ही वाढींचा गुणाकार बसला होता तो उत्तरात येतच नाही.

```
(f·g)' = f'·g + f·g'
```

त्यामुळे x² sin x चं उत्तर 2x sin x + x² cos x. एक पद पहिल्याच्या बदलाचं, एक दुसऱ्याच्या बदलाचं.

चेन रूलसाठी सायकल आठवा. पुढच्या चक्राला ४२ दात आणि मागच्या चक्राला १४. पेडल एकदा फिरवलं की मागचं चाक तीनदा फिरतं. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर चाक एकदा फिरलं की सायकल दोन मीटर पुढे जाते. मग पेडलच्या एका फेरीत सायकल किती जाईल? तीन गुणिले दोन, सहा मीटर. एक गोष्ट दुसरीला हलवते, दुसरी तिसरीला हलवते, आणि दर एकमेकांना गुणले जातात.

```
[f(g(x))]' = f'(g(x))·g'(x)
```

म्हणजे बाहेरच्या क्रियेचं डेरिव्हेटिव्ह घ्या, आतलं जसंच्या तसं ठेवा, आणि मग आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणा. sin(x²) साठी बाहेरचं sin म्हणून cos, आत x² तसंच, आणि गुणिले 2x. उत्तर 2x cos(x²).

इथे दोन चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे cos(x²) लिहून थांबायचं. पेडलचा हिशोब विसरून फक्त चाकाचा धरल्यासारखं आहे हे. दुसरी म्हणजे बाहेरचं आणि आतलं एकाच फटक्यात बदलून cos(2x) लिहायचं. ही जास्त वाईट, कारण दिसायला ती बरोबर वाटते आणि पेपर लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही.

पण शंका फेडायला दोन मिनिटं पुरतात. x = 1 घ्या. फंक्शनची किंमत x = 1.001 ला काढा, x = 1 ला काढा, दोघांची वजाबाकी करून ०.००१ ने भागा. sin(x²) साठी हे उत्तर सुमारे १.०८ येतं. आता आपली तीन उत्तरं तपासा. 2x cos(x²) ची x = 1 ला किंमत १.०८. cos(x²) ची ०.५४. cos(2x) ची तर उणे ०.४२. चूक कुठली ते सांगायला सर लागत नाहीत.

फक्त कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर हवा. तो डिग्रीवर असेल तर काहीच जुळणार नाही, कारण sin चं डेरिव्हेटिव्ह cos हे रेडियनमध्येच खरं आहे. डिग्रीमध्ये कोन घेतला तर त्याला आधी π/180 ने गुणून रेडियन करावे लागतात, म्हणजे आत आणखी एक फंक्शन आलं. मग चेन रूलने π/180 बाहेर येणारच.

क्वोशंट रूलबद्दल माझं मत असं, की तो गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. रेघ दिसली की लोक तुटून पडतात. 5/x³ ला क्वोशंट रूल लावणं म्हणजे शेजारच्या घरी जायला रिक्षा करणं. ते 5x⁻³ असं लिहा, -15x⁻⁴ एका ओळीत मिळतं. (x² + 1)/x दिसलं तर आधी भागून x + 1/x करा. शेवटची क्रिया बघण्याआधी लिखाण सोपं करता येतं का ते बघायला हरकत नसते.

जिथे छेदात खरोखरच वेगळं फंक्शन बसलंय आणि भाग जात नाही, तिथे मात्र हा लागतो.

```
(f/g)' = (f'·g − f·g')/g²
```

इथे घोळ होतो तो वरच्या वजाबाकीच्या क्रमात. f' आधी की g' आधी? आठवत नसेल तर 1/x वर करून बघा. f = 1, g = x. सूत्रातून (0·x − 1·1)/x², म्हणजे -1/x² येतं. x वाढला की 1/x कमी होतो, म्हणजे उत्तर ऋणच हवं. क्रम उलटा लावला असता तर धन आलं असतं. पाठांतरावर विसंबण्यापेक्षा ही दहा सेकंदांची तपासणी परवडते.

आता एक पूर्ण गणित घेऊ. एकाच नियमात निभावणारी गणितं परीक्षेत कमीच येतात.

```
y = (x² + 1)(3x − 1)⁵
```

x च्या जागी संख्या घालून किंमत काढा. पहिला कंस सोडवाल, दुसरा कंस सोडवून त्याचा पाचवा घात काढाल, आणि शेवटी गुणाकार. म्हणून सुरुवात प्रॉडक्ट रूलने. f म्हणजे x² + 1 आणि g म्हणजे (3x − 1)⁵.

f चं डेरिव्हेटिव्ह 2x, त्यात काही नाही. g ला पुन्हा तोच प्रश्न विचारा. शेवटची क्रिया कोणती? पाचवा घात. कशाचा? 3x − 1 चा. म्हणजे चेन रूल. बाहेरून 5(3x − 1)⁴, आतून 3, दोन्ही मिळून 15(3x − 1)⁴.

```
y' = 2x(3x − 1)⁵ + 15(x² + 1)(3x − 1)⁴
   = (3x − 1)⁴ (21x² − 2x + 15)
```

बघा, नियम निवडायचा प्रश्न एकदा नाही तर दोनदा आला. बाहेरून सुरुवात करायची आणि कांदा सोलल्यासारखं एकेक पापुद्रा काढत आत जायचं. आतून बाहेर जायला निघालात तर 15(3x − 1)⁴ हातात असतं, पण ते कुठे बसवायचं ते कळत नाही.

x = 1 ला तपासू. आपल्या सूत्रातून 16 × 34, म्हणजे ५४४. कॅल्क्युलेटरवर 1.001 आणि 1 च्या किमतींची वजाबाकी करून ०.००१ ने भागलं तर सुमारे ५४६ येतं. जवळ आहे. थोडा फरक राहणारच, कारण ०.००१ ही लहान वाढ असली तरी शून्य नाही. ज्याने आतला 3 विसरला असता त्याचं उत्तर २२४ आलं असतं. २२४ आणि ५४६ मध्ये 'थोडा फरक' म्हणायला जागा नाही.

तपासणीसाठी x = 0 मात्र निवडू नका. तिथे 2x असलेलं पहिलं पद शून्य होतं, आणि त्या पदात चूक असली तरी पकडली जात नाही.

शेवटच्या क्रियेची युक्ती एका ठिकाणी अडते, तेही सांगायला हवं. xˣ घ्या. शेवटची क्रिया घात आहे, पण इथे पायाही बदलतोय आणि घातांकही. xⁿ चं सूत्र पाया बदलताना लागतं, aˣ चं घातांक बदलताना. इथे दोन्ही एकत्र, त्यामुळे दोन्ही सूत्रं बाद. अशा वेळी दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा. उजवीकडे x ln x होतं, म्हणजे घाताचा गुणाकार झाला, आणि आपण पुन्हा प्रॉडक्ट रूलच्या ओळखीच्या रस्त्यावर आलो. उत्तर xˣ(1 + ln x).

आता लिमिटचा मुद्दा, कारण क्वोशंट रूल सगळ्यात महागात पडतो तो तिथे.

x शून्याकडे जाताना (1 − cos x)/x² ची लिमिट काढायची आहे. थेट शून्य घातलं तर 0/0 येतं, ज्याला काही अर्थ नाही. इथे क्लासमध्ये ज्याला सर्रास 'एल हॉस्पिटल' म्हणतात तो नियम लागतो. खरा उच्चार लोपिताल. फ्रान्सच्या या सरदाराने १६९६ साली कॅल्क्युलसचं पाठ्यपुस्तक छापलं, त्यात हा नियम आहे. पण शोध योहान बर्नुलीचा, जो लोपितालला पैसे घेऊन शिकवत होता.

नियम असा, की 0/0 येत असेल तर अंशाचं डेरिव्हेटिव्ह वेगळं घ्या, छेदाचं वेगळं घ्या, आणि पुन्हा लिमिट बघा. वर sin x, खाली 2x. (sin x)/x ची लिमिट १ असते, म्हणून उत्तर १/२. x = 0.1 घालून बघा, ०.४९९६ च्या आसपास येतं.

पण रेघ दिसली, डेरिव्हेटिव्ह शब्द ऐकला, की हात आपोआप क्वोशंट रूलकडे जातो. तो लावला तर हे तयार होतं.

```
(x² sin x − 2x(1 − cos x))/x⁴
```

याची लिमिट ० येते. अर्धा असायला हवा तिथे शून्य. आणि गंमत म्हणजे हे शून्य काही वाटेल ते आलेलं नाही. ते एका वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. क्वोशंट रूल सांगतो की फंक्शनचा आलेख किती चढतोय. शून्याजवळ हा आलेख ०.५ च्या उंचीवर जवळजवळ सपाट असतो, म्हणून चढ शून्य. लिमिटच्या प्रश्नात मात्र चढ विचारलेला नव्हता, उंची विचारली होती.

तेव्हा रेघ असलेल्या गणितात आधी प्रश्न वाचा. डेरिव्हेटिव्ह काढा म्हटलं असेल तर क्वोशंट रूल. लिमिट काढा म्हटलं असेल तर आधी किंमत घालून 0/0 किंवा ∞/∞ येतंय का बघा, आणि आलं तरच लोपिताल. (x + 1)/(x + 2) ची शून्याजवळची लिमिट सरळ १/२ आहे. तिथे उगाच वर-खाली डेरिव्हेटिव्ह घेतलंत तर १ येतं, आणि मार्क जातात.

कधी कधी तर लिमिटच्या वेशात डेरिव्हेटिव्हच उभं असतं. h शून्याकडे जाताना ((2 + h)⁵ − 32)/h ची लिमिट विचारली, तर पाचवा घात उलगडत बसू नका. ३२ म्हणजे २ चा पाचवा घात. x⁵ ची किंमत २ पासून h ने पुढे सरकल्यावर किती वाढली आणि तिला h ने भागलं, एवढंच तिथे लिहिलंय. म्हणजे x⁵ चं x = 2 ला असलेलं डेरिव्हेटिव्ह, 5 × 16, ८०.